स्कॉलरशिप मंजूर झाली, आता जादा भरलेली फी परत मागायचा अर्ज नीट कसा करायचा

मी सात वर्षं एका कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला होते आणि फी परत मागणारे अर्ज ज्या टेबलावर येऊन पडतात त्याच टेबलावर बसायचे, त्यामुळे हे जे लिहितेय ते पलीकडच्या बाजूने बघितलेलं आहे. अर्ज अडकतो तेव्हा पोरांना वाटतं की ऑफिसवाले मुद्दाम त्रास देतायत, आणि कधीकधी तसंही होतं, मी नाही म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा अर्जात आकडा चुकीचा असतो किंवा आकडाच नसतो, मग क्लार्क तो अर्ज "नंतर बघू" म्हणून ट्रेमध्ये खाली सरकवतो, आणि तो खाली गेला की वर यायला महिने लागतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या. तुमचा अर्ज प्राचार्यांच्या नावाने असतो पण तो पहिल्यांदा वाचतो क्लार्क. तो तुमचं खातं उघडतो, अर्जातला आकडा खात्याशी जुळवतो आणि मग एक टिप्पणी लिहितो, म्हणजे "सदर विद्यार्थ्याने इतके भरले, स्कॉलरशिपचे इतके जमा झाले, सबब इतके परत करण्यास हरकत नाही" अशी चार ओळींची नोट. ती नोट अकाउंटंटकडे, मग वर, आणि शेवटी सहीला जाते. तुमचा अर्ज असा असला पाहिजे की त्या चार ओळी क्लार्कला तुमच्याच अर्जातून उचलता याव्यात, त्याला स्वतः काही शोधायला लागू नये. अर्ज पॉलिश करायचा म्हणजे एवढंच, भारी भारी शब्द घालणं नव्हे.

माझ्या भाचीने मागे मला तिचा अर्ज वाचायला पाठवला होता. तोच घेऊया, कारण त्यात नेहमीच्या जवळपास सगळ्या चुका आहेत. तिने लिहिलं होतं :

> विषय : फी परत मिळणेबाबत.
>
> महोदय, मी आपल्या कॉलेजमध्ये दुसऱ्या वर्षात शिकत असून माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. माझ्या वडिलांनी उसनेपासने करून फी भरली होती. आता मला स्कॉलरशिप मंजूर झालेली आहे तरी मी भरलेली सर्व फी लवकरात लवकर परत मिळावी. मी ऑफिसमध्ये तीन वेळा येऊन गेले पण कोणीही नीट उत्तर देत नाही. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.

यातलं एकही वाक्य खोटं नाहीये, परिस्थिती खरंच तशी होती. पण क्लार्कच्या जागी बसून वाचा. कोणती विद्यार्थिनी, रोल नंबर काय, कोणती स्कॉलरशिप, किती मंजूर, पैसे कॉलेजकडे आलेत की नाही, तिने भरले किती आणि तिला हवेत किती? सात प्रश्न, एकाचंही उत्तर नाही.

लिहायच्या आधी : पैसे कुठे आलेत ते बघा

मंजूर होणं वेगळं आणि जमा होणं वेगळं. मंजुरीचं पत्र किंवा मेसेज आला म्हणजे देणाऱ्याने "देऊ" म्हटलंय, पैसे कॉलेजच्या खात्यात पडलेत असं नाही, आणि जे पैसे अजून आलेच नाहीत ते कॉलेज स्वतःच्या खिशातून सहसा देत नाही. त्यामुळे आधी तुमच्या मंजुरीपत्रात बघा की रक्कम कोणाच्या खात्यावर जाणार आहे. काही स्कॉलरशिपमध्ये फीचा भाग कॉलेजला जातो आणि निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो, काहींमध्ये सगळेच पैसे थेट विद्यार्थ्याला मिळतात. सगळे पैसे तुम्हालाच आले असतील तर कॉलेजकडे जादा काहीच गेलेलं नाही, तिथे रिफंड मागायचा प्रश्नच येत नाही, हे ऐकायला साधं वाटतं पण असे अर्ज मी दरवर्षी बघितलेत आणि पोरं बिचारी दोन दोन महिने चकरा मारत बसायची.

पैसे कॉलेजला जाणार असतील तर अकाउंट सेक्शनला जाऊन एकच प्रश्न विचारा, "माझ्या स्कॉलरशिपची रक्कम जमा झाली का, कोणत्या तारखेला आणि किती?" "माझ्या स्कॉलरशिपचं काय झालं" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळणार. तारीख आणि रक्कम मिळाली की कागदावर लिहून घ्या, आणि जमलं तर तुमच्या फी खात्याचा उतारा मागा, म्हणजे ज्यात तुम्हाला लावलेली फी, तुम्ही भरलेली फी आणि बाकी असं सगळं एका जागी असतं. बऱ्याच ठिकाणी तो प्रिंट करून देतात.

आकडा काढणं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

भाचीच्या वर्षाची एकूण फी होती 62,400. त्यात ट्यूशन फी 45,000, परीक्षा फी 3,200, लॅब आणि लायब्ररी 6,200, विकास निधी 5,000 आणि अनामत 3,000. स्कॉलरशिप मंजूर झाली होती ट्यूशन आणि परीक्षा फीपुरती, म्हणजे 48,200. आणि तिने स्वतः दोन हप्त्यांत भरले होते, आधी 40,000 आणि नंतर 15,000, असे 55,000. शेवटचे 7,400 भरायचे राहिले होते कारण तोपर्यंत स्कॉलरशिप मंजूर झाली आणि घरचे म्हणाले आता कशाला भरायचे.

आता तिला किती परत मिळायला पाहिजेत? तिला वाटत होतं 55,000, कारण "मी भरलेली सगळी". तिच्या मैत्रिणीला वाटत होतं 48,200, कारण "जेवढी स्कॉलरशिप तेवढा रिफंड". दोन्ही चूक.

हिशोब असा. कॉलेजकडे तिच्या नावावर एकूण आले 55,000 अधिक 48,200, म्हणजे 1,03,200. कॉलेजचं घेणं होतं 62,400. फरक 40,800. हेच उलट्या बाजूनेही तपासा : स्कॉलरशिप सोडून तिच्या वाट्याला येणारी फी 62,400 वजा 48,200, म्हणजे 14,200, आणि तिने भरले 55,000, तर जादा गेले 40,800. दोन्हीकडून उत्तर एकच आलं की समजा आकडा बरोबर आहे, नाही आलं तर कुठेतरी एखादी पावती सुटलीये किंवा दोनदा धरलीये.

जे 7,400 भरायचे राहिले होते ते आपोआप इथे वळते झाले, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं, थकलेली बाकी ते विसरून जातात. कॉलेज मात्र विसरत नाही, ते रिफंड देताना बाकी कापूनच देणार, आणि मग पोरांना वाटतं आपले पैसे खाल्ले. आधीच स्वतः कापून मागितलं की हा वादच उरत नाही.

अनामतीचं पण बघा. अनामत ही फी नसून ठेव असते, ती शिक्षण संपवून कॉलेज सोडताना वेगळ्या अर्जावर मिळते, त्यामुळे ती या अर्जात परत मागायची नाही. आमच्याकडे एका मुलाने जादा फी आणि अनामत एकाच आकड्यात मागितली होती, आणि दोन्हीचे खातेप्रकार वेगळे असल्यामुळे त्याचा अख्खा अर्जच दुरुस्तीसाठी परत गेला.

अजून एक. स्कॉलरशिप हप्त्याने येत असेल आणि आत्ता अर्धीच, म्हणजे 24,100, जमा झाली असेल तर आजचा हिशोब 55,000 अधिक 24,100 वजा 62,400, म्हणजे 16,700. आत्ता एवढेच मागा, आणि पुढे एक वाक्य घाला की उरलेला हप्ता जमा झाल्यावर त्याप्रमाणे 24,100 परत करावेत. पूर्ण 40,800 आत्ताच मागितले तर उत्तर येणार "रक्कम अप्राप्त", आणि मिळण्यासारखे 16,700 सुद्धा त्यासोबत लटकतील.

आणि प्रवेशाच्या वेळीच तुम्हाला काही सवलत दिली असेल, म्हणजे स्कॉलरशिप येणार हे धरून कमी फी घेतली असेल, तर एकूण फीचा आकडा आणि तुम्ही भरलेला आकडा दोन्ही उताऱ्यावरूनच घ्या, आठवणीवर जाऊ नका.

आता लिहायला घ्या

विषयाची ओळ आधी. "फी परत मिळणेबाबत" असे पन्नास अर्ज ट्रेमध्ये असतात. विषयातच वर्ष, कारण आणि रक्कम आली पाहिजे, म्हणजे अर्ज न उघडता कळतं की हा कशाचा आहे. ओळ लांब झाली तरी चालते.

मग मजकूर. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात हिशोब, चौथ्यात मागणी. परिस्थितीचं वर्णन काढून टाका. हे मी कठोरपणे म्हणत नाहीये, मलाही माहितीये उसने पैसे घेऊन फी भरणं म्हणजे काय असतं. पण "हलाखीची परिस्थिती" आणि "सहानुभूतीपूर्वक विचार" हे शब्द आले की अर्ज मदत मागणाऱ्यांच्या ढिगात जातो, तिथे कॉलेजच्या मर्जीचा प्रश्न येतो. तुम्ही मदत मागत नाही आहात, तुमचे जादा गेलेले पैसे परत मागताय, त्यात कोणाच्या दयेचा संबंध नाही. हा एक शब्दांचा फरक आहे पण फाइल कोणत्या रस्त्याने जाणार ते त्याच्यावर ठरतं. घरी पैशांची खरंच घाई असेल, म्हणजे पुढच्या सत्राची फी किंवा हॉस्टेलचे पैसे भरायची तारीख असेल, तर ती तारीख लिहा. टिप्पणीत तारीख उचलता येते.

तक्रारीचं वाक्यही काढा. "तीन वेळा आले पण कोणी उत्तर देत नाही" हे वाचणारा बहुतेक तोच माणूस असतो ज्याने उत्तर दिलं नव्हतं. त्याऐवजी कोणत्या तारखेला चौकशी केली आणि काय सांगितलं गेलं एवढं सरळ लिहा, माणसाचं नाव नको. उदाहरणार्थ "दि. 12 रोजी लेखा विभागात चौकशी केली असता स्कॉलरशिपची रक्कम जमा झाल्याचे सांगण्यात आले." हे वाक्य तुमच्या बाजूचा पुरावा होतं आणि कोणाला झोंबतही नाही.

भाचीचा अर्ज आम्ही दोघींनी बसून असा केला, पहिल्या मसुद्याशी ताडून बघा :

> विषय : चालू शैक्षणिक वर्षाची जादा भरलेली फी 40,800 स्कॉलरशिप जमा झाल्यामुळे परत मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्षात शिकत असून माझा रोल नंबर (…) व प्रवेश क्रमांक (…) आहे.
>
> मला (स्कॉलरशिपचे पूर्ण नाव) अंतर्गत दि. (…) च्या पत्रान्वये 48,200 इतकी रक्कम ट्यूशन फी व परीक्षा फीसाठी मंजूर झाली असून ती दि. (…) रोजी महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाली आहे.
>
> या वर्षाची माझी एकूण फी 62,400 आहे. मी पावती क्र. (…) अन्वये 40,000 व पावती क्र. (…) अन्वये 15,000 असे एकूण 55,000 भरले आहेत. माझ्याकडील भरणा व स्कॉलरशिप मिळून 1,03,200 जमा झाले असून त्यातून एकूण फी 62,400 वजा करता, म्हणजेच माझ्याकडील 7,400 ची बाकी वळती केल्यानंतर, 40,800 जादा जमा आहेत.
>
> तरी सदर 40,800 खाली दिलेल्या बँक खात्यावर परत करावेत, ही विनंती. हिशोबात फरक आढळल्यास कृपया मला लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. त्यामुळे आकडा जुळला नाही तर अर्ज नुसता पडून राहायच्या ऐवजी तुम्हाला कारण तरी कळतं, आणि लेखी आलेल्या कारणाला उत्तर देता येतं, तोंडी "नाही होणार" ला नाही देता येत.

"लवकरात लवकर" कुठेही नाही हे बघा, त्याने काही लवकर होत नाही. स्कॉलरशिपचं नाव मात्र मंजुरीपत्रात जसं आहे तसंच्या तसं उतरवा. एकाच विद्यार्थ्याला दोन योजना लागू असतात, कॉलेजच्या यादीत सारख्या नावाच्या चार योजना असतात, आणि नुसतं "स्कॉलरशिप" लिहिलं की क्लार्कला सगळ्या याद्या चाळाव्या लागतात.

बँकेचा तपशील, इथे फार जणांचं अडकतं

पैसे कोणाच्या खात्यावर जाणार हे तुम्ही ठरवता असं वाटतं पण ते कॉलेजच्या पद्धतीवर असतं. फी वडिलांच्या खात्यातून भरली असेल तर काही ठिकाणी रिफंड त्याच खात्यावर करतात, काही ठिकाणी फक्त विद्यार्थ्याच्या नावाचं खातं चालतं, हे अर्ज लिहायच्या आधी विचारून घ्या. फी शैक्षणिक कर्जातून थेट बँकेने भरली असेल तर ते पैसे कर्जखात्यावरच वळते व्हायची शक्यता जास्त, तेव्हा अर्जात कर्जखात्याचा नंबर द्या आणि बँकेलाही कळवा.

खात्यावरचं नाव आणि कॉलेजच्या रेकॉर्डवरचं नाव अक्षराअक्षराने ताडून बघा. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही, एकीकडे लग्नानंतरचं आडनाव, असं असलं की पैसे अडकू शकतात आणि सगळी फाइल पहिल्यापासून फिरते. नावात फरक असेल तर अर्जातच एक ओळ लिहा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, आणि ओळखपत्राची प्रत लावा. खाते क्रमांक हाताने लिहिताना 1 आणि 7 खूप चुकतात, पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत सोबत असेल तर क्लार्क त्यावरून बघून घेतो.

सोबतचे कागद

मंजुरीपत्र, दोन्ही पावत्या, फी खात्याचा उतारा, पासबुकचं पहिलं पान. बास. दाखले, मार्कशीट, रेशनकार्ड असं काही मागितल्याशिवाय लावू नका, जाडजूड अर्जात कामाचा कागद सापडत नाही. अर्जाच्या खाली सोबतच्या कागदांची यादी द्या आणि कागद त्याच क्रमाने लावा. मूळ पावती सोडू नका, प्रतच द्या आणि मूळ दाखवा. मूळ पावतीच हवी असा नियम आहे असं कोणी म्हणालं तर आधी तिचा फोटो काढून ठेवा आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर "मूळ पावती क्र. (…) जमा" असं लिहून शिक्का घ्या.

देताना आणि दिल्यानंतर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. शिक्का न घेता नुसता टेबलावर ठेवून आलात तर तो अर्ज तुम्ही दिला हे उद्या कोणी मान्य करणार नाही. ईमेलने पाठवायचा असेल तर विषयाची ओळ तीच ठेवा, सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये द्या, आणि आवक क्रमांक कळवा अशी ओळ घाला.

पंधरा दिवसांनी जा आणि आवक क्रमांक सांगून विचारा की फाइल कोणाकडे आहे. "झालं का" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" एवढंच असतं. फाइल अकाउंटंटकडे असेल तर हिशोबात काही अडलंय, सहीला गेली असेल तर थांबणं आलं. महिन्याने काहीच हललं नसेल तर स्मरणपत्र द्या, पण पूर्ण गोष्ट परत लिहू नका, नाहीतर दोन वेगळे अर्ज म्हणून दोन वेगळ्या फाइली होतात. एवढंच पुरतं :

> दि. (…) रोजीचा माझा अर्ज, आवक क्र. (…), जादा फी 40,800 परत मिळणेबाबत. सदर अर्जावर झालेली कार्यवाही कळवावी, ही विनंती. (सोबत : मूळ अर्जाची प्रत)

कधीकधी कॉलेज म्हणतं की पैसे परत न देता पुढच्या वर्षीच्या फीमध्ये धरतो. हे तुम्हाला सोयीचं असेल तर हो म्हणा, पण लेखी घ्या, त्यात रक्कम आणि कोणत्या वर्षात धरणार ते असलं पाहिजे. नको असेल तर तसं दोन ओळींत कळवा. शेवटच्या वर्षात असाल तर पुढची फीच नाही, तेव्हा हे चालणारच नाही, हे अर्जातच "मी अंतिम वर्षात आहे" असं लिहून आधीच स्पष्ट करून टाका.

पैसे आले की लगेच खुश होऊन विसरू नका, आलेली रक्कम अर्जातल्या आकड्याशी जुळवा. कमी आली असेल तर कशाचे कापले ते लेखी विचारा, आणि बरोबर आली असेल तर फी खात्याचा नवा उतारा घ्या ज्यात बाकी शून्य दिसतेय. भाचीला 40,800 पूर्ण मिळाले पण खात्यावर ते 7,400 अजून थकीत दाखवत होते, कारण वळतं केल्याची नोंदच कोणी केली नव्हती, आणि ते तसंच राहिलं असतं तर परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी अडवलं असतं. तिने अर्जाची शिक्का असलेली प्रत दाखवली, त्यात 7,400 वळते केल्याचं वाक्य होतंच, आणि समोर बसूनच नोंद करून घेतली.